गाणं सहा मिनिटांचं, फोल्डर एकोणीस जीबीचं

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेलं पोफळी बाहेरच्या माणसाला माहीत असतं ते कोयनेच्या भूमिगत वीजगृहामुळे. चिपळूण तालुक्यातल्या आम्हा लोकांना हा पट्टा आणखी एका कारणाने जवळचा आहे. इथल्या वाड्यावाड्यांत जाखडी आणि नमन जिवंत आहे. श्रावण लागला की शक्तीवाले आणि तुरेवाले दोघांनाही नवी गाणी ध्वनिमुद्रित करून हवी असतात. त्यासाठी आता मुंबईचा स्टुडिओ लागत नाही. एखादी बंद खोली, भिंतींना गोधड्या, आठ माइक लागतील असा इंटरफेस आणि एक लॅपटॉप एवढ्यावर काम होतं.

हंगाम संपता संपता त्या लॅपटॉपवर लाल पट्टी दिसते, जागा संपली. मग आवराआवर सुरू होते आणि नेमकं नको ते उडवलं जातं. ध्वनिमुद्रणाचं काम करणाऱ्यांच्या बोलण्यात याविषयीच्या काही समजुती पुन्हा पुन्हा येतात. त्या तपासून पाहण्यासारख्या आहेत. इथे चुकलं तर गेलेला आवाज परत मिळत नाही. झांज वाजवणारा गौरी-गणपतीला आलेला चाकरमानी असतो. विसर्जन झालं की तो मुंबईला परत जातो आणि थेट शिमग्याला भेटतो.

समज : जागा खातात त्या सॅम्पल लायब्ररी. त्या काढल्या की प्रश्न मिटला.

अलोऱ्याच्या एका तरुण मित्राने मागच्या हंगामात फोनवर हेच विचारलं होतं. ‘दादा, बासरीची लायब्ररी पंचवीस जीबीची आहे, स्ट्रिंग्जची चाळीस. उडवू का?’ मी त्याला म्हटलं, आधी एका गाण्याचं फोल्डर उघड आणि त्याचा आकार बघ.

लायब्ररी मोठी असते हे खरं आहे. एकेका सुराचं वेगवेगळ्या जोरात केलेलं ध्वनिमुद्रण तिच्यात असतं, त्यामुळे पंचवीस-पन्नास जीबी सहज होतात. पण ती एकदाच बसवली जाते आणि तेवढीच राहते. दहा गाण्यांत वापरली तरी ती पंचवीसची अडीचशे होत नाही. गाण्यांची फोल्डरं मात्र दर आठवड्याला वाढत जातात. ती किती वाढतात ते एका गाण्याच्या हिशेबावरून पाहू.

समजा जाखडीचं एक गाणं आहे, सहा मिनिटांचं. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मापात ध्वनिमुद्रण होतंय. या मापात एका मोनो ट्रॅकला मिनिटाला ८.६४ एमबी लागतात, म्हणजे सहा मिनिटांना साधारण ५२ एमबी. आधी ताल घेतला. मृदुंगाच्या दोन तोंडांना दोन माइक, ढोलकीला दोन, झांजेला एक, टाळाला एक आणि खोलीचा आवाज धरायला दोन, असे आठ ट्रॅक. पाच वेळा वाजवून घेतलं. झाले दोन जीबीच्या थोडे वर. मग शाहीर दहा वेळा गायले, त्याचे अर्धा जीबी. कोरसला दोन माइक आणि चार फेऱ्या, त्याचे चारशे एमबी. मूळ ध्वनिमुद्रण इथपर्यंत तीन जीबी झालं. यातलं काहीच अनाठायी नाही.

आता पुढचं बघा. बासरी, स्ट्रिंग्ज, बेस आणि कीबोर्ड लायब्ररीतून वाजवले. लॅपटॉप धापा टाकू लागला म्हणून ते चार ट्रॅक फ्रीझ केले. फ्रीझ करताना सॉफ्टवेअर बऱ्याचदा ३२ बिट फ्लोटमध्ये स्टिरीओ फाइल लिहितं, ती १३८ एमबीची. चारांचे साडेपाचशे. मंडळाला ऐकवायला मिक्स बाऊन्स केला. ‘शाहीर अजून पुढे घ्या’ म्हटल्यावर पुन्हा केला, ‘झांज टोचतेय’ म्हटल्यावर परत केला. असे बारा बाऊन्स धरले तर ते सव्वा जीबी. एकूण ४.८ जीबी.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मोठा बदल करण्याआधी सावधगिरी म्हणून आपण अख्खं फोल्डर कॉपी करतो. ‘नवीन’, मग ‘फायनल’, मग ‘फायनल दुरुस्त’. मूळ धरून चार फोल्डर झाले आणि आवाजाच्या त्याच त्या फाइली चौपट झाल्या. सहा मिनिटांच्या गाण्याने १९ जीबी घेतले. हंगामात अशी दहा गाणी केली की १९० जीबी. मित्राने फोल्डर उघडून बघितलं, तेव्हा त्याच्याकडेही बासरीपेक्षा ‘फायनल’च जड निघाले.

म्हणून लायब्ररी उडवायची नाही, हलवायची. बाहेरच्या एसएसडीवरून ती व्यवस्थित चालते, कारण वाजवताना सॅम्पलर सगळी लायब्ररी मेमरीत घेत नाही. सुरांची फक्त सुरुवात मेमरीत ठेवतो आणि बाकीचं डिस्कवरून ओढत राहतो. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर हे ओढणं मागे पडतं. बरेच सूर एकदम वाजले की तडतड ऐकू येते. हलवतानाही फोल्डर नुसतं ओढून टाकू नये. लायब्ररी ज्या इन्स्टॉलरमधून आली, त्याच्याच जागा बदलण्याच्या सोयीने हलवावी, म्हणजे नवा पत्ता त्याच्या नोंदीत जातो. नाहीतर पुढच्या वेळी Content Missing असा फलक समोर येतो. विंडोजवर आणखी एक गोष्ट सांभाळायची. बाहेरच्या डिस्कला Disk Management मध्ये जाऊन एक ठरावीक अक्षर द्यावं, उदाहरणार्थ S. नाहीतर आज E असलेली डिस्क उद्या पेन ड्राइव्ह आधी लावल्यामुळे F होते आणि प्रत्येक गाणं आपली बासरी शोधत बसतं.

विकत घेतलेली लायब्ररी पुन्हा उतरवून घेता येते. आपण स्वतः केलेल्या सॅम्पलचं तसं नाही. गावातल्या मृदुंगाचे सुटे ठोके किंवा पालखीच्या ढोलाचे वेगवेगळ्या हातांचे आवाज तुम्ही घेतले असतील, तर ते दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत. त्यांचं फोल्डर लायब्ररींपासून वेगळं ठेवावं आणि त्याची प्रत गाण्यांइतक्याच काळजीने सांभाळावी.

समज : प्रोजेक्ट फाइल जपली की गाणं जपलं.

बहुतेक आवाज हरवतात ते या समजुतीमुळे. प्रोजेक्ट फाइलमध्ये आवाज नसतो. कोणती फाइल कुठून घ्यायची, कितव्या सेकंदाला सुरू करायची, कुठे कापायची, आवाज किती ठेवायचा आणि कोणते प्लगइन लावायचे, एवढीच यादी तिच्यात असते. आमच्याकडे बरेच जण रीपर वापरतात. त्याची .RPP फाइल साध्या मजकुराची असते आणि नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात अशा ओळी दिसतात :

```
<SOURCE WAVE
  FILE "mrudung_03.wav"
>
<SOURCE WAVE
  FILE "C:\Users\Studio\Downloads\zanj_loop.wav"
>
```

पहिल्या ओळीत नुसतं नाव आहे. ती फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरातच आहे, त्यामुळे फोल्डर कुठेही नेलं तरी ती सोबत जाईल. दुसऱ्या ओळीत पूर्ण पत्ता आहे. ती झांज अजून Downloads मध्येच पडलेली आहे. कुणीतरी पाठवली, तुम्ही तिथूनच ओढून ट्रॅकवर टाकली आणि गाणं सहा महिने बिनबोभाट वाजलं. मग एके दिवशी तुम्ही Downloads रिकामं केलंत. गाण्याचं फोल्डर जसंच्या तसं आहे, प्रोजेक्ट फाइलही आहे, पण झांज गेली.

नोटपॅडमध्ये `FILE "C:` असा आणि दुसऱ्या डिस्क असतील तर त्यांच्या अक्षरांनीही शोध घेतला की गाण्याच्या किती फाइली घराबाहेर राहतात ते लगेच कळतं. ज्यांच्या प्रोजेक्ट फाइली अशा वाचता येत नाहीत, त्या सॉफ्टवेअरमध्येही ही यादी पाहायची सोय असते. एबलटन लाइव्हमध्ये ती Manage Files खाली आहे, क्यूबेसमध्ये पूल नावाच्या खिडकीत. डिलीटचं बटण दाबण्याआधी ही यादी बघायची सवय लावली, तर निम्मे अपघात टळतील असं माझं मत आहे.

याच वस्तुस्थितीचा एक फायदाही आहे. यादी हलकी असते, काही शे केबी, प्लगइन जास्त असले तर काही एमबी. मग बदलाआधी जुनं रूप जपण्यासाठी अख्खं फोल्डर कॉपी करण्याची गरजच काय? त्याच फोल्डरात प्रोजेक्ट फाइल नव्या नावाने सेव्ह करावी. आवाजाच्या फाइली एकच राहतात, त्यांच्यावरच्या याद्या चार होतात. रीपरसारखी सॉफ्टवेअरं ट्रॅकवर कापाकापी करताना मूळ आवाजाच्या फाइलीला हात लावत नाहीत, म्हणून हे सुरक्षित आहे. अपवाद एकच. आवाजाची फाइल बाहेरच्या एडिटरमध्ये उघडून तीच बदलून सेव्ह केली, तर चारही याद्यांतलं गाणं बदलतं.

जागा हवी म्हणून `.rpp-bak` आणि `.reapeaks` या फाइलींवर धाड घालणारेही भेटतात. त्या संख्येने खूप असल्याने नजरेत भरतात, पण सगळ्या मिळून एका बाऊन्सइतकीही जागा सहसा घेत नाहीत. `.reapeaks` म्हणजे लहरींचं चित्र, ते पुन्हा तयार होतं. `.rpp-bak` ही यादीची आधीची प्रत आहे, ती राहू द्यावी. प्रोजेक्ट फाइल बिघडली तर तीच उपयोगी पडते.

समज : सॉफ्टवेअरने ‘न वापरलेल्या’ म्हणून दाखवलेल्या फाइली बिनधास्त उडवाव्यात.

रीपरमध्ये Clean current project directory असा आदेश आहे. फोल्डरातल्या ज्या फाइली गाण्यात लागत नाहीत, त्यांची यादी तो दाखवतो आणि हव्या तर काढून टाकतो. इतर सॉफ्टवेअरांतही असं काही ना काही असतं. हा आदेश चुकीचा नाही. पण ‘न वापरलेली’ याचा अर्थ एवढाच की आत्ता उघडलेल्या प्रोजेक्टमध्ये न वापरलेली. त्याच फोल्डरात गण आणि गौळण अशा दोन प्रोजेक्ट फाइली असतील आणि तुम्ही गण उघडून सफाई केलीत, तर गौळणीचा आवाज कचऱ्याच्या यादीत येऊ शकतो. दिवसभर एकाच बैठकीत चार गाणी घेतली की हे फार सहज घडतं. सगळ्या गाण्यांच्या फाइली एकाच फोल्डरात पडलेल्या असतात.

उलट बाजूनेही घोळ होतो. एका आयटमवर शाहिरांच्या दहा फेऱ्या थरांसारख्या रचलेल्या असतील आणि वाजत असेल त्यातली तिसरीच, तरी बाकीच्या नऊ ‘वापरात’ धरल्या जातात. म्यूट केलेला ट्रॅकही वापरातच असतो. म्हणजे हा आदेश उपयोगाचं काढू शकतो आणि बिनउपयोगाचं ठेवू शकतो. निवड शेवटी माणसाने करायची असते आणि ती कानाने करायची असते.

माझी पद्धत उलटी आहे. जुन्या फोल्डरातून नको ते काढत बसायचं नाही. गाणं उघडायचं आणि हवं ते नव्या फोल्डरात उचलून न्यायचं. काढताना चूक झाली तर फाइल जाते. उचलताना चूक झाली तर फाइल जुन्या जागी असतेच. वर हिशेब मांडलेल्या जाखडीच्या गाण्यावर हे कसं करायचं ते सविस्तर सांगतो.

आधी चार फोल्डरांपैकी खरं शेवटचं कोणतं ते ठरवायचं. फोल्डरच्या नावावर विश्वास ठेवू नये. मंडळाला शेवटचा बाऊन्स ज्या तारखेला गेला, ती तारीख आणि प्रोजेक्ट फाइल बदलल्याची तारीख जुळवून पाहावी. ते प्रोजेक्ट उघडायचं. उघडताना एखादी फाइल सापडत नाही असं आलं, तर तिथेच थांबून ती शोधायची. ते तसंच सोडून पुढे गेलं तर नव्या फोल्डरातही ते भोक राहतं.

मग फ्रीझ केलेले ट्रॅक मोकळे करायचे आणि बासरी, स्ट्रिंग्ज, बेस, कीबोर्ड या चारही ट्रॅकचे आवाज शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत छापून घ्यायचे. यांनाच स्टेम म्हणतात. सगळे एकाच बिंदूपासून सुरू झाले पाहिजेत, म्हणजे दहा वर्षांनी दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ओळीने ठेवले तरी तालात बसतील. रेकॉर्डिंग अकॅडमीच्या निर्माते-अभियंत्यांच्या विभागाने पूर्ण झालेलं काम सुपूर्द करण्यासाठी ज्या शिफारशी केल्या आहेत, त्यांचाही गाभा हाच आहे. अवघड प्रोजेक्टवर भिस्त न ठेवता साध्या, सलग वेव्ह फाइली द्या.

नंतर टेक निवडायचे. तालाच्या पाच फेऱ्यांपैकी जी गाण्यात आहे ती ठेवतो, बाकीच्या चार सोडतो. त्या सगळ्या त्याच हातांनी त्याच दिवशी वाजवलेल्या असतात आणि निवडलेली फेरी पूर्ण असते. शाहिरांच्या दहाच्या दहा ठेवतो. यावर माझ्याशी वाद घालणारे मित्र आहेत, पण वयस्कर शाहिराची न वापरलेली फेरीसुद्धा मी टाकत नाही. एखाद्या शब्दाचा उच्चार, सवालाची वेगळी ओढ त्यातच असते. अर्धा जीबी ही त्याची काही फार किंमत नाही. कोरसच्या चारांतल्या दोन चांगल्या ठेवतो. रीपरमध्ये तालाच्या आयटमवर Crop to active take दिलं की वाजणारी फेरीच उरते. कोरसच्या नको त्या दोन फेऱ्या मात्र एकेक करून काढायच्या. बाकीच्या फेऱ्या प्रोजेक्टमधून निघतात, डिस्कवरून जात नाहीत.

आता Save project as मध्ये जायचं, Create subdirectory for project आणि Copy all media into project directory या दोन चौकटींत खूण करायची आणि बाहेरच्या डिस्कवर नव्या नावाने सेव्ह करायचं. प्रोजेक्टमध्ये जे आवाज आहेत तेवढेच तिकडे जातात. Downloads मधली झांजसुद्धा मुकाट्याने आत येते. एबलटनमध्ये याच कामाला Collect All and Save आहे. एक मर्यादा लक्षात ठेवावी. सॅम्पलर प्लगइनच्या लायब्ररीतले आवाज अशा गोळा करण्यात सहसा येत नाहीत. म्हणून तर आधी स्टेम छापून घेतले.

नव्या फोल्डरात शेवटचा मिक्स, रंगमंचावर वाजवायचा गाण्याशिवायचा म्युझिक ट्रॅक आणि एक साधी मजकूर फाइल ठेवायची. त्या फाइलमध्ये गाण्याची पट्टी, लय किती, वादक-गायकांची नावं, वापरलेल्या प्लगइनची नावं आणि आवृत्त्या लिहायच्या. शाहीर काळी दोनमध्ये गायले होते की काळी चारमध्ये, हे दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

हिशेब असा झाला. ताल ४१५ एमबी, शाहीर ५१८, कोरस २०७, स्टेम ४१५, शेवटचा मिक्स आणि म्युझिक ट्रॅक मिळून २०७. एकूण पावणेदोन जीबी. एकोणीसचे पावणेदोन झाले आणि पुन्हा मिळवता न येणारं असं गेलं ते फक्त तालाच्या चार फेऱ्या आणि कोरसच्या दोन.

पण जुनं पुसण्याआधी एक तपासणी करायची. जुन्या फोल्डरचं नाव तात्पुरतं बदलायचं, Downloads चंही बदलता आलं तर बरं, आणि नवं प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवरून उघडायचं. काही सापडत नाही असं आलं नाही तर नवा बाऊन्स काढायचा. तो आणि मंडळाला दिलेला शेवटचा बाऊन्स शेजारशेजारच्या दोन ट्रॅकवर अगदी एकाच जागी ठेवायचे आणि एकाची फेज उलटी करायची. दोन्ही सारखे असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मीटर हलत नाही. झांज ऐकू आली तर झांजेत काहीतरी बदललंय. एखाद्या टाळाचा एकच ठोका ऐकू आला तर तिथला काप चुकलाय. चूक नेमकी कुठे आहे ते कान सांगतो. ही कसोटी दर वेळी शून्य देत नाही. काही रिव्हर्ब, कोरस किंवा मुद्दाम अनियमित वाजणारे सॅम्पलर दर बाऊन्सला थोडे निराळे उमटतात, तेव्हा त्यांची धूसर शेपटी ऐकू येते. ती चालते. शाहिरांचा शब्द ऐकू आला तर मात्र चालणार नाही.

समज : चुकून उडालं तरी सॉफ्टवेअरने परत मिळतं.

हे जुन्या हार्ड डिस्कच्या काळातलं ज्ञान आहे. तिथे फाइल पुसली तरी वर दुसरं काही लिहेपर्यंत ती बऱ्याचदा सापडायची. आजच्या लॅपटॉपात एसएसडी असते. फाइल पुसल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम ट्रिम नावाचा निरोप एसएसडीला देते की ही जागा आता नको. मग एसएसडी ती आपल्या सवडीने खरोखर रिकामी करते. एकदा रिसायकल बिन रिकामा झाला की परत मिळण्याची आशा फार कमी. बिन रिकामा न करता ‘पुसलं तरी जागा का वाढत नाही’ असं विचारणारेही असतात. मॅकवर टाइम मशीन चालू असेल तर बिन रिकामा केल्यावरही काही काळ जागा अडलेली दिसते, कारण स्थानिक स्नॅपशॉट त्या फाइली धरून असतात. त्या आपोआप सुटतात.

समज : झिप केलं की निम्मी जागा वाचते.

मजकुराच्या फाइलीची वाचते. आवाजाच्या वेव्ह फाइलीवर झिपचा फारसा परिणाम होत नाही. आवाजासाठी FLAC आहे. त्यात एकही नमुना न गमावता आकार बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतो. शांतता जास्त असलेल्या गायनाच्या ट्रॅकवर तो आणखी खाली जातो, सतत झणझणणाऱ्या झांजेवर कमी. रीपर FLAC थेट वाजवतं. तुमचं सॉफ्टवेअर वाजवतं का ते आधी पाहावं, नाहीतर उघडताना पुन्हा वेव्ह करावं लागेल. एक अडचण आहे. ३२ बिट फ्लोटच्या फाइली FLAC मध्ये तशाच्या तशा बसत नाहीत. आपलं मूळ ध्वनिमुद्रण २४ बिट असल्याने तिथे प्रश्न येत नाही, पण स्टेमसुद्धा २४ बिटमध्येच छापावेत आणि छापताना मीटर लाल होऊ देऊ नये.

एमपीथ्री ही साठवण्याची गोष्ट नाही. ती व्हॉट्सॲपवर ऐकवण्यासाठी ठीक आहे.

समज : ड्राइव्हवर सिंक आहे, म्हणजे बॅकअप आहे.

सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं. तुम्ही लॅपटॉपवर फाइल पुसलीत की ती तिकडेही पुसली जाते. काही दिवस ऑनलाइन कचरापेटीत राहते आणि मग जाते. शिवाय जागा वाचवण्यासाठी काही सेवा फाइलीचं फक्त नाव लॅपटॉपवर ठेवतात, आवाज इंटरनेटवरून ओढतात. घाटाखाली पावसात नेट गेलं की प्रोजेक्ट उघडतं आणि ट्रॅक मुके असतात. चालू प्रोजेक्ट अशा फोल्डरात कधीच ठेवू नये. आवरून झालेलं गाणं चढवायला मात्र ही सोय चांगली आहे. सेकंदाला १० मेगाबिट चढवणाऱ्या जोडणीवर १९ जीबीला सव्वाचार तास लागतात, पावणेदोन जीबीला पंचवीस मिनिटांच्या आत काम होतं.

प्रती किती आणि कुठे, याचं उत्तर छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेल्या नियमात आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. ‘दुसऱ्या ठिकाणी’ याचा अर्थ आमच्या तालुक्याला कुणी समजावून सांगायला नको. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरलं, तेव्हा एकाच कपाटातल्या दोन डिस्क एकदम भिजल्या असत्या. पोफळीतलं काम करणाऱ्याने दुसरी प्रत चिपळुणात नदीकाठच्या तळमजल्यावर ठेवणं याला काही अर्थ नाही. मंडळाची माणसं मुंबईत असतातच. गणपती करून परतणाऱ्या भरवशाच्या माणसाबरोबर एक डिस्क पाठवावी, शिमग्याला तीच परत मागवून नवी गाणी भरावीत.

डिस्क कपाटात ठेवली म्हणजे ती चालते असं नाही. इथली हवा दमट, आषाढात कपड्यांनाही बुरशी येते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह डिस्क ठेवावी आणि हंगामाच्या सुरुवातीला एकदा लावून दोन-तीन गाणी खरोखर उघडून वाजवावीत. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना पडून राहण्यासाठी बनवलेली नसते. दूर ठेवायच्या प्रतीसाठी साधी हार्ड डिस्क बरी आणि स्वस्तही.

हंगामाचं सगळं एकदम आवरायला बसू नये. एका बैठकीत एकच गाणं घ्यावं. दोन गाणी एकदम उघडली की एकाची झांज दुसऱ्याच्या फोल्डरात जाते. गाणं मंडळाला सुपूर्द झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, म्हणजे दुरुस्त्या येणं थांबल्यावर पण कुठला टेक कशासाठी ठेवला ते आठवत असताना, आवरणं सोपं जातं. जुनं फोल्डर बाहेरच्या दोन्ही प्रती वाजवून पाहिल्यावरच पुसावं. नव्या गाण्याला बसताना पहिल्याच मिनिटाला, एकही आवाज घेण्याआधी, प्रोजेक्ट त्याच्या स्वतःच्या फोल्डरात सेव्ह करावं. ते केलं नाही तर रीपर सगळं ध्वनिमुद्रण आपल्या सर्वसाधारण जागेत टाकत राहतं. मग गण, गौळण, सवाल, जवाब यांच्या फाइली क्रमांकांसह एका ढिगात मिसळतात आणि आवरायचं काम आवाज ऐकून ओळखण्यापासून सुरू करावं लागतं.